शिलाईत १२६ टक्के लोक गेले म्हणजे नेमकं काय झालं?

ताई, मी चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात एचआरला आहे. शेठनी एप्रिलपासून दर महिन्याला डिपार्टमेंटवाइज रिपोर्ट मागितलाय, किती आले, किती गेले आणि वर्षाचा अॅट्रिशन रेट किती. जुलैचा रिपोर्ट बघून ते भडकले. मेंटेनन्समध्ये १२ पैकी १ माणूस गेला तर १०० टक्के आले, शिलाईत ८ गेले तर १२६ टक्के. "म्हणजे वर्षात अख्खी शिलाई रिकामी होणार का?" असं विचारलं, मला उत्तर देता आलं नाही. वरून एक्सेलमध्ये आता शिलाईचा १ एप्रिलचा आकडा काढला तर ८० ऐवजी ७५ येतो, मी तर काहीच बदललं नाही. चार महिन्यांची शीट जोडली आहे, जरा बघता का?
— एक वाचक, सोलापूर

शीट बघितली. शिलाईचा १२६ हा आकडा चुकीचाच आहे, आणि मेंटेनन्सचा १०० हा गणिताने बरोबर असून काही कामाचा नाही. दोन्हीची कारणं वेगळी आहेत म्हणून एकेक घेऊ, आधी शिलाई, कारण सगळी गंमत तिथंच आहे.

तू जुलैत शिलाईतून गेलेले ८ दाखवलेस, पण तुझ्याच शेऱ्याच्या रकान्यात त्यातल्या ५ जणांपुढं "पॅकिंगला दिले" असं लिहिलंय. अरे मग ते गेले कुठं, गेट ओलांडून घरी गेले का शेजारच्या शेडमध्ये गेले? बदली म्हणजे सोडून जाणं नाही. तू त्यांना शिलाईत गेलेले धरलंस आणि पॅकिंगमध्ये नवीन आलेले धरलंस, त्यामुळं कारखान्याच्या एकूण बेरजेत ५ जास्तीचे गेले आणि ५ जास्तीचे आले, शेवटची संख्या मात्र बरोबर जुळली, म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नाही. बदलीला स्वतःचा रकाना पाहिजे, आणि पूर्ण कारखान्याच्या ओळीत त्या रकान्याची बेरीज दर महिन्याला शून्य आली पाहिजे, कारण एका डिपार्टमेंटचा उणे पाच म्हणजे दुसऱ्याचा अधिक पाच. शून्य नाही आली तर कुणीतरी एकाच बाजूला नोंद केलीय, तेवढंच शोधायचं.

तुझ्याच आकड्यांवरनं शिलाईचा तक्ता परत मांडला तो असा:

| महिना | सुरुवात | नवीन | सोडून गेले | बदली | शेवट |
|---|---|---|---|---|---|
| एप्रिल | ८० | ६ | ४ | ० | ८२ |
| मे | ८२ | ३ | ९ | ० | ७६ |
| जून | ७६ | ८ | १० | ० | ७४ |
| जुलै | ७४ | १२ | ३ | −५ | ७८ |

बँकेच्या पासबुकासारखं वाच, सुरुवातीची शिल्लक, जमा, नावे आणि शेवटची शिल्लक, आणि या महिन्याचा शेवट हीच पुढच्या महिन्याची सुरुवात. चारही महिन्यांचं मिळून ८० अधिक २९ उणे २६ उणे ५ म्हणजे ७८, जुळलं. ही ओळ जुळल्याशिवाय टक्केवारीला हात लावायचा नाही, कारण टक्का खोट्या आकड्यावरसुद्धा छान निघतो, दोन दशांश स्थळांपर्यंत निघतो.

आता टक्का. महिन्याचा दर म्हणजे त्या महिन्यात गेलेले भागिले सरासरी माणसं, आणि सरासरी म्हणजे सुरुवात अधिक शेवट भागिले दोन. जुलैत (७४ + ७८) ÷ २ = ७६. गेले ३. म्हणजे ३.९ टक्के, बाराने गुणलं की ४७ टक्के. तुझ्या ८ माणसांनी हाच १२६ झाला होता. पाच माणसं चुकीच्या रकान्यात बसली तर वर्षाचा आकडा ४७ वरनं थेट १२६ वर जातो, बघ, बाराने गुणताना चूकही बाराने गुणली जाते.

पण थांब, लगेच शेठकडं ४७ घेऊन जाऊ नकोस, कारण जूनचा काढ. १० भागिले ७५ म्हणजे १३.३ टक्के, गुणिले बारा, १६० टक्के. जूनमध्ये १६० आणि जुलैत ४७, तेच शिलाई, तेच सुपरवायझर, तेच मशिन. एका महिन्याला बाराने गुणणं म्हणजे "वर्षातले बाराही महिने असेच जाणार" असं धरणं, आणि आपल्याकडं कुठले बारा महिने सारखे असतात? मे महिन्यात लग्नं आणि गावची जत्रा, जूनमध्ये पहिला पाऊस पडला की अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढ्याकडची पोरं पेरणीला, आषाढीला पंढरपूर, दिवाळीचा बोनस हातात पडला की ज्यांनी मनात ठरवलेलं असतं ते त्याच आठवड्यात, जानेवारीत गड्ड्याची जत्रा. बाहेरच्या राज्यातली माणसं असतील तर होळी आणि छठ. माणसं जायचे महिने ठरलेले आहेत, त्यातला एक उचलून बाराने गुणला तर एकतर शेठना घाबरवशील नाहीतर झोपवशील.

म्हणून एप्रिलपासून आजपर्यंत सगळं एकत्र धर. चार महिन्यांत गेले २६. चार महिन्यांच्या सरासऱ्या ८१, ७९, ७५ आणि ७६, त्यांची सरासरी ७७.७५. २६ भागिले ७७.७५ म्हणजे ३३.४ टक्के, हे चार महिन्यांचं, वर्षाला नेण्यासाठी १२ भागिले ४ म्हणजे तीनने गुण, १०० टक्के आले. हा आकडा जूनला उडत नाही आणि जुलैला आपटत नाही. वर्ष पूर्ण झालं की गुणायचंही काम नाही, दर महिन्याला मागचे बारा महिने घ्यायचे, त्यात गेलेले भागिले बारा महिन्यांची सरासरी, त्यात पेरणी पण आली आणि दिवाळी पण आली. तोपर्यंत रिपोर्टमध्ये आकड्याखाली "एप्रिल ते जुलै, वर्षावर नेलेला" असं लिहायलाच पाहिजे, नाहीतर मार्चमध्ये कुणीतरी हाच कागद काढून दाखवणार.

शंभर टक्के म्हणजे शिलाई रिकामी होणार का, हा शेठचा प्रश्न. तर नाही, आणि हे त्यांना दाखवायची सोपी वाट तुझ्याच शीटमध्ये आहे, जॉइनिंगची तारीख. मी २६ जणांची नोकरीची मुदत काढली, त्यातले १७ जण नव्वद दिवससुद्धा टिकले नव्हते. म्हणजे जुन्या माणसांतले फक्त ९ गेले. लेंथ हेमिंगला वर्षानुवर्षं बसणाऱ्या बायका जागच्या हलल्या नाहीत, त्याच त्या काही मशिनवरची माणसं मात्र दोन दोनदा बदलली. एक जागा वर्षात चारदा रिकामी झाली तर चार माणसं गेलेली धरली जातात, शेजारच्या तीन जागांवरचं कुणीच हललं नाही तरी चार जागांचा मिळून दर शंभर टक्केच येतो. म्हणून रिपोर्टमध्ये "सोडून गेले" या रकान्याचे दोन भाग कर, ९० दिवसांच्या आतले आणि त्यानंतरचे. हे दोन आजार वेगळे आहेत. जुनी माणसं जात असतील तर पगारवाढ, सुपरवायझर, शेजारच्या कारखान्याचा रेट बघायचा. नवीन माणसं जात असतील तर भरतीच्या वेळी काय सांगितलं आणि पहिल्या पगाराला हातात काय पडलं ते बघायचं. तुमच्याकडं शिलाईला पीस रेट आहे असं शीटवरनं दिसतंय, मग नवीन माणसाचा हात बसेपर्यंत त्याचे पीस निघणार किती आणि पैसे मिळणार किती? पहिल्या पगाराच्या पुढच्या आठवड्यात किती गेले ते तारखांवरनं मोज, माझा अंदाज तिथंच ढीग सापडेल. सापडला तर शेठना सांगायला ठोस गोष्ट मिळाली, पहिले काही आठवडे ठरलेली रोजी देऊन बघू म्हणून, नाही सापडला तर माझा अंदाज सोडून दे.

आता मेंटेनन्स. १२ माणसं, जुलैत १ गेला, १ आला, सरासरी १२, दर ८.३, बाराने गुणून १००. बरोबर आहे हिशोब. पण एप्रिल ते जुलै धरला तर तोच १ माणूस, १ भागिले १२ गुणिले ३, २५ टक्के. ऑगस्टमध्ये कुणी नाही गेला तर २० होईल. एक फिटर घरच्या कारणाने गेला यावर असा उड्या मारणारा आकडा कशाला छापायचा? लहान डिपार्टमेंटला टक्का देऊच नकोस, "१२ पैकी १ गेला, १ आला, जागा भरलेली" एवढं लिही. माझी रेघ साधारण पंचवीस माणसांची आहे, त्याखाली नुसती माणसं मोजायची, तू तीस ठेवलीस तरी चालेल, फक्त दर महिन्याला बदलू नकोस. आणि तुझ्या तळाच्या ओळीत सगळ्या डिपार्टमेंटच्या टक्क्यांची सरासरी घेतलेली दिसली, ती काढून टाक. शिलाई १०० आणि मेंटेनन्स २५ यांची सरासरी ६२.५ येते, पण खरं बघ, दोन्ही मिळून गेले २७, माणसं ८९.७५, तीनने गुणून दर ९० टक्क्यांच्या आसपास. ७८ माणसांचा टक्का आणि १२ माणसांचा टक्का एका तराजूत येत नाहीत, तळाला गेलेल्यांची बेरीज आणि माणसांची बेरीज घेऊन नव्याने भागायचं.

आता ८० चे ७५ कसे झाले. तू कशालाच हात लावला नाहीस असं म्हणतोस पण लावलास की, त्या पाच जणांच्या नावापुढं डिपार्टमेंटच्या रकान्यात शिलाई पुसून पॅकिंग लिहिलंस. एक्सेलला काय माहिती ते एप्रिलमध्ये कुठं होते, त्याला आत्ता पॅकिंग दिसतंय म्हणजे जन्मापासून पॅकिंग. मागचे सगळे महिने आपोआप बदलले. हे हमखास होतं, एक माणूस एक ओळ असा मास्टर ठेवला की होणारच. उपाय असा, की बदली झाली की जुनी ओळ बंद करायची आणि त्याच टोकन नंबरने नवी ओळ उघडायची. ओळीत टोकन, नाव, डिपार्टमेंट, कधीपासून, कधीपर्यंत, आणि शेवटी दोन रकाने, आला कसा (नवीन किंवा बदली) आणि गेला कसा (सोडलं किंवा बदली). डिपार्टमेंट C मध्ये, कधीपासून D, कधीपर्यंत E, गेला कसा G मध्ये असेल, J1 मध्ये डिपार्टमेंटचं नाव आणि K1 मध्ये महिन्याची १ तारीख असेल तर पहिली ओळ सुरुवातीची संख्या देते आणि दुसरी सोडून गेलेले:

```
=COUNTIFS(C:C,J1,D:D,"<"&K1)-COUNTIFS(C:C,J1,E:E,"<"&K1)
=COUNTIFS(C:C,J1,G:G,"सोडलं",E:E,">="&K1,E:E,"<="&EOMONTH(K1,0))
```

यात ३१ जुलैला शेवटचा दिवस भरलेला माणूस जुलैत गेलेला धरला जातो आणि १ ऑगस्टच्या सुरुवातीत येत नाही. असंच पाहिजे. तारखा खरोखर तारखा आहेत का बघ, कुणीतरी 31.07.2025 अशी टिंबं देऊन टाइप केलेलं असलं की एक्सेल त्याला अक्षरं समजतं आणि गुपचूप मोजत नाही, एरर पण देत नाही.

आता एक गोष्ट जी तू विचारलेली नाहीस पण शीटमध्ये मला खटकली. मेमध्ये नवीन फक्त ३? शिलाईला? आणि जे आले ते सगळे महिनाभर राहिले? मला शंका अशी, की जे सोमवारी आले आणि गुरुवारी गायब झाले त्यांची नावं मास्टरमध्ये चढलीच नाहीत. अशी माणसं दोन्ही बाजूंनी गळतात, ना नवीनमध्ये ना गेलेल्यांत, म्हणून तक्ता मस्त जुळतो आणि तरी खोटा असतो. वरचा जुळवणीचा ताळा ही चूक पकडूच शकत नाही. पकडायची दुसरी जागा आहे, टोकन नंबर. १ एप्रिलला शेवटचा दिलेला टोकन किती होता आणि ३१ जुलैला किती, तो फरक म्हणजे सगळ्या कारखान्यात आलेली नवीन माणसं. तुझ्या रिपोर्टच्या एकूण नवीन संख्येपेक्षा तो जास्त निघाला तर मधली माणसं तीच, दोन दिवसांची. टोकन परत परत वापरत असाल तर हा उपाय चालणार नाही, मग पंचिंग मशिनवर किती नवीन बोटं नोंदवली ते बघ किंवा वॉचमनचं गेट रजिस्टर. ती माणसं धरल्यावर तुझा दर आणखी वाढेल, वाढू दे. नव्वद दिवसांचा रकाना त्यांच्याशिवाय अर्धा आहे.

पगारपत्रकाशी जुळत नाही अशी टीप पण तू एका कोपऱ्यात लिहिलीयस. ते शेवटच्या संख्येशी जुळणारच नाही रे, १२ तारखेला गेलेल्या माणसाचा बारा दिवसांचा पगार निघतोच की. पगारपत्रकावरची नावं म्हणजे त्या महिन्यात एक दिवस तरी काम केलेली सगळी माणसं, म्हणजे पूर्ण कारखान्याची सुरुवात अधिक नवीन. त्याच्याशी जुळव. त्यातूनही जी नावं कमी पडतील ती महिनाभर एकही दिवस न आलेली माणसं, आणि तीच खरी डोकेदुखी.

गावाला गेलेला माणूस. सांगून गेला, मोबाइल बंद, सुपरवायझर म्हणतो येईल दिवाळीनंतर. त्याला गेलेला धरायचा का आहे असा? जूनचे १० आणि जुलैचे ३ हा फरक बघून मला वाटतं तुम्ही सोयीने धरता, आठवण आली की दहा नावं एकदम काढता. एक नियम कर आणि शेठची सही घे. तुमच्या स्थायी आदेशात सलग किती दिवस विनापरवानगी गैरहजर राहिल्यावर काय करायचं ते लिहिलेलं असेल, तेवढे दिवस झाले की पत्र जातं, उत्तर येईपर्यंत त्याला संख्येतच ठेव पण तळाला "गैरहजर, निर्णय बाकी" म्हणून वेगळा आकडा दाखव. निर्णय झाला की तारीख शेवटच्या हजेरीची टाक, नाव कमी केलं त्या दिवसाची नको, पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची जी तारीख जाईल ती आणि तुझी तारीख एकच पाहिजे, नाहीतर उद्या तो माणूस पीएफ काढायला आला की तुझ्याच टेबलासमोर उभा राहणार. यामुळं मागचा महिना बदलतो हे खरं. त्यासाठी दर महिन्याचा रिपोर्ट पुढच्या महिन्याच्या १० तारखेला बंद कर, त्यानंतर उशिरा कळलेले जातील ते चालू महिन्यात "मागची दुरुस्ती" अशा रकान्यात, म्हणजे शेठच्या फाइलमधला जुना कागद आणि तुझा नवा कागद भांडणार नाहीत. आणि लक्षात ठेव, रिपोर्टमध्ये गेलेला धरणं आणि कायद्याने कामावरून कमी करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, रिपोर्टवरनं मस्टरमधलं नाव परस्पर उडवू नकोस.

ठेकेदाराच्या माणसांचं थोडक्यात सांगते. पॅकिंगमध्ये ती आहेत असं दिसतंय. त्यांना संख्येत धरलंस तर गेलेल्यांतही धर, भागाकारात खाली धरून वर सोडायचं नाही, पॅकिंगचा दर त्यामुळंच इतका गोड दिसतोय. ठेकेदार रोज वीस माणसं देतो, पण त्या वीसमध्ये कोण आहे हे तुझ्याकडं लिहिलेलं नसेल तर दर काढायच्या भानगडीत पडू नकोस, वेगळ्या ओळीत रोजची सरासरी माणसं एवढंच दे.

शेठकडं जाताना जुलैचा कागद दुरुस्त करून ने, जुना पण बरोबर ठेव. पहिल्याच ओळीत सांग की १२६ मध्ये पाच बदल्या मोजल्या गेल्या होत्या, नुसत्या जुलैचा खरा दर ४७ आणि एप्रिलपासूनचा वर्षावर नेलेला १००. ते शंभरवर अडकतील, तेव्हा १७ आणि ९ दाखव. मग बहुतेक विचारतील की या सतरांना आणलं कुणी. ते आधीच काढून ठेव, कुणाच्या ओळखीने आले, कुठल्या सुपरवायझरकडं बसवले आणि पहिला पगार किती पडला, सतराच नावं आहेत, एका दुपारचं काम आहे.